हायरोफंट सरळ आला म्हणजे सगळे विधी करायचेच का?

प्रश्न: ताई, मी कणकवलीजवळच्या गावातली, मुलगा गुहागरचा, दोघंही पुण्यात नोकरीला. मे महिन्यात लग्न करायचंय. घरच्यांना गावच्या घरी सगळं विधिवत पाहिजे, तीन दिवसांचं. आम्हाला रजिस्टर लग्न आणि एक साधं जेवण पुरेसं वाटतं. काय करू असं विचारून एकच टॅरो कार्ड काढलं तर हायरोफंट आला, सरळ. म्हणजे पारंपरिकच करा असं कार्ड सांगतंय का?

उत्तर:

नाही गं, तसं सांगत नाहीये. आणि हे कार्ड तुझ्या प्रश्नावर आलं म्हणून मला खरंच बरं वाटलं, कारण लग्नाबद्दल एवढं थेट बोलणारी कार्डं डेकमध्ये फार नाहीत. फक्त लोक त्याला बघतात आणि लगेच म्हणतात की धर्मगुरू आला, परंपरा आली, संपला विषय. तिथेच वाचन चुकतं.

आधी एक साधी गोष्ट. तू विचारलंस "हे की ते" आणि कार्ड काढलंस एक. एक कार्ड दोन पर्यायांतून निवड करून देत नाही, ते फार तर दोन्ही पर्यायांत जे सामाईक आहे ते दाखवतं. तर हायरोफंटमध्ये काय आहे ते नीट बघ, डेक समोर ठेवूनच बघ. तुझ्याकडे रायडर वेट असेल असं धरून चालते, 1909 चा, पामेला कोलमन स्मिथने चित्रं काढलेला, कारण बहुतेकांकडे तोच असतो किंवा त्यावरून काढलेला. पाच नंबरचं कार्ड. दोन खांबांच्या मध्ये एक माणूस बसलाय, डोक्यावर तीन थरांचा मुकुट, एका हातात तीन आडव्या पट्ट्यांचा क्रूस, दुसरा हात आशीर्वादाला वर, त्यात दोन बोटं उभी आणि दोन मिटलेली. पायाशी दोन किल्ल्या आडव्या-तिरक्या ठेवल्यात. आणि समोर दोघंजण, आपल्याकडे पाठ करून, एकाच्या झग्यावर गुलाब आणि दुसऱ्याच्या झग्यावर लिली.

आता बघ, या चित्रात मांडव नाही, वाजंत्री नाहीत, पंगत नाही. पाहुणे तर नाहीतच. आहेत ते फक्त दोघं, त्यांच्यासमोर एक अधिकारी माणूस आणि त्याने दिलेली मान्यता. दोघंजण कोणाच्या तरी साक्षीने एका बंधनात शिरतायत एवढंच हे कार्ड सांगतं. हा डेक ज्याने काढून घेतला त्या वेटने 1910 मध्ये या कार्डाचे अर्थ लिहिले त्यात पहिलाच शब्द विवाह आहे, मग युती, आणि त्याला लागूनच कैद आणि गुलामी. त्या शेवटच्या दोन शब्दांवर मी खाली येते, ते सोडून चालणार नाही.

तर तुला जे साधं वाटतंय ते रजिस्टर लग्न या चित्राच्या बाहेर आहे का? बिलकुल नाही. विशेष विवाह कायदा, 1954 चा, त्यात काय लागतं बघ. विवाह अधिकारी लागतो, तीन साक्षीदार लागतात, आणि नुसत्या सह्या करून चालत नाही, दोघांनी एकमेकांना तोंडाने म्हणावं लागतं की मी तुझा किंवा तुझी कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकार करतो, करते, आणि ते दोघांना कळेल अशा भाषेत. ते वाक्य उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही असं कायद्यातच आहे. टेबलामागे बसलेला अधिकारी, समोर दोघं, आजूबाजूला साक्षीदार, हा हायरोफंटच आहे ना? उलट कधी कधी मला वाटतं की तिथे तो जास्त स्वच्छ दिसतो, कारण तिथे उच्चारलेलं वाक्य दोघांना कळलेलं असतं.

म्हणजे तुझे दोन्ही पर्याय याच कार्डाखाली येतात. मग ते तुला काय विचारतंय? माझ्या मते एवढंच, की लग्नातला विधी कुठला आणि समारंभ कुठला हे तू वेगळं केलंयस का. कारण "सगळं विधिवत, तीन दिवसांचं" असं घरचे म्हणतात तेव्हा त्यात दोन्ही एकत्र मळलेलं असतं आणि ते वेगळं न करता भांडण झालं की कोणीच जिंकत नाही.

आपल्याकडचं लग्न डोळ्यासमोर आण. मुहूर्तमेढ, देवक बसवणं, पुण्याहवाचन, हळद, सीमांतपूजन, गौरीहार, अंतरपाट आणि मंगलाष्टकं, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी. शिवाय रुखवत, वरात, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची तीन दिवसांची जेवणं, ड्रोन, डीजे, हॉलचं डेकोरेशन. यातलं हायरोफंटचं किती? देवक, अंतरपाट, होम, सप्तपदी, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद, हे त्याचं. पंगत आणि गाणी-नाच हे फोर ऑफ वॉन्ड्सचं, ज्यात चार काठ्यांवर फुलांची माळ बांधलीय आणि लोक आनंद करतायत. आणि वरात, फटाके, कोण किती गाड्या घेऊन आलं, हे सिक्स ऑफ वॉन्ड्सचं, घोड्यावर बसलेला विजेता आणि बाजूला गर्दी. तुला फोर ऑफ वॉन्ड्स आलेलं नाही, सिक्स ऑफ वॉन्ड्सही नाही. आलाय हायरोफंट. म्हणून मी याचा अर्थ असा लावेन की विधीचा गाभा धर, मग तो भटजींसमोर असो की विवाह अधिकाऱ्यासमोर, आणि बाकीच्याबद्दल हे कार्ड काहीही सांगत नाही, ते तुमच्या पैशावर आणि ताकदीवर ठरवा.

इथे कोकणातलीच एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे शुभकार्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. एक नारळ, विडा, आणि गावचा मानकरी किंवा घरातला जाणता माणूस उभ्या उभ्या देवाला सांगतो की महाराजा, या लेकराचं कार्य उभं राहिलंय, सांभाळून घे, आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. दहा मिनिटांत होतं. यात बोलणारा अधिकारी आहे, साक्षीदार आहेत, मान्यता आहे, आणि सगळं आपल्या बोलीत, कोणालाही न कळणारं असं त्यात काही नाही. गावातल्या जुन्या माणसांच्या मनात लग्नाला देवाची परवानगी मिळते ती इथे. म्हणजे आपल्या घरातला सगळ्यात जवळचा विधी हाच मुळात साधा आहे, आणि "साधं लग्न" म्हणजे गावाला सोडून काहीतरी शहरी असं घरच्यांना वाटत असेल तर त्यांना इथून समजावता येतं.

आता हे कार्ड वापरून पुढे कसं जायचं ते सांगते. तेच कार्ड परत परत काढत बसू नकोस, आपल्याला आवडेल ते येईपर्यंत काढलेल्या कार्डांना अर्थ राहत नाही. हायरोफंट मध्ये सरळ ठेव आणि चित्रातल्या वस्तूंवरूनच पाच जागा कर. गुलाबवाल्याच्या बाजूला एक कार्ड, म्हणजे घरचे खरं काय मागतायत. लिलीवाल्याच्या बाजूला एक, म्हणजे तुम्ही दोघं खरं काय मागताय. खाली दोन किल्ल्यांच्या जागी दोन कार्डं, एक काय ठेवायचं आणि एक काय सोडायचं. आणि वर, मुकुटाच्या जागी, या लग्नात नेमकं काय बोललं जायला हवं. किल्ल्यांपैकी कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची हे पत्ते काढायच्या आधी ठरव, नंतर ठरवलं की मन आपल्या सोयीने फिरवतं.

एक वाचन सांगते, तुझ्यासारखंच होतं. मुलगी वेंगुर्ल्याकडची, मुलगा रत्नागिरीकडचा. वडिलांनी हॉल बघून ठेवला होता, पाहुण्यांची यादी वाढत चालली होती, आणि मुलगी म्हणत होती की मला यातलं काहीच नको, सही करते आणि निघते. तिलाही हायरोफंट आला होता. मग आम्ही वरची मांडणी केली.

घरच्यांच्या जागी सिक्स ऑफ कप्स आलं. जुन्या घराचं अंगण, एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला कप देतोय. तिला मी विचारलं की घरात हे लग्न सगळ्यात जास्त कोणाला हवंय. ती वडील म्हणणार होती, पण थांबली आणि म्हणाली आजीला. आजीचं म्हणणं एवढंच होतं की नातीचं देवक आपल्या घरात बसावं आणि तिचं लग्न आपल्या खळ्यात लागावं. हॉलबद्दल आजी कधी बोललीच नव्हती. हॉल आला होता वडिलांच्या डोक्यातून, त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न हॉलमध्ये झालं होतं म्हणून.

तिच्या स्वतःच्या जागी फोर ऑफ स्वोर्ड्स. हात जोडून आडवा झालेला योद्धा, थकलेला, पण वर कोपऱ्यात रंगीत काचेची खिडकी आहे आणि त्या खिडकीत कोणीतरी गुडघ्यावर बसून आशीर्वाद घेतंय. हे कार्ड आलं तेव्हा मला स्पष्ट वाटलं की हिचा विधीला विरोध नाहीये, ही दमलीय. आणि ते निघालंही तसंच, तिला भीती होती ती जड शालू नेसून दोन दिवस अनोळखी माणसांपुढे बसण्याची आणि प्रत्येकाच्या पाया पडण्याची. मंत्रांची नव्हती. कोणी "साधं लग्न पाहिजे" म्हणालं की ते तत्त्वातून आलंय की थकव्यातून हे बघावं लागतं, दोन्ही खरंच असतं, पण उपाय वेगळे असतात. तत्त्वातून असेल, म्हणजे कन्यादान मला मान्य नाही, मी कोणाला दान देण्याची वस्तू नाही, तर तिथे वेळ कमी करून भागत नाही, तो विधीच बाजूला ठेवावा लागतो.

ठेवायच्या किल्लीवर थ्री ऑफ पेंटॅकल्स. इथे परत देऊळच आहे बघ, म्हणजे त्यांच्याकडचं. एक कारागीर काम करतोय, शेजारी मठातला माणूस आणि नकाशा हातात धरलेला दुसरा, तिघं मिळून ठरवतायत. याचा मी अगदी व्यवहारी अर्थ लावला, की भटजींना आधीच घरी बोलवा, कागद घ्या, कुठला विधी, किती वेळ, कोण बसणार, कशासाठी, हे लिहून काढा. बहुतेक घरांत भटजींशी बोलणं होतं ते मुहूर्त आणि दक्षिणा एवढ्यापुरतं, आणि मग लग्नाच्या दिवशी मुलामुलीला कळत नाही की आता काय चाललंय. इथे त्या दोघांनी विचारलं. भटजी चांगले होते, बसले दोन तास, आणि सप्तपदीचं एकेक पाऊल मराठीत समजावलं, अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू, आणि सातवं सख्य. ती मुलगी मला नंतर म्हणाली की सातवं पाऊल सख्याचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

सोडायच्या किल्लीवर आलं सिक्स ऑफ वॉन्ड्स. यावर फार बोलावं लागलं नाही. वरात, हॉल, स्टेजवरचं दोन तासांचं फोटोसेशन गेलं. आणि वरच्या जागी टू ऑफ कप्स, दोघं एकमेकांसमोर समान उंचीवर कप घेऊन उभे. म्हणून कन्यादानाच्या वेळी काय बोलायचं यावर दोन्ही घरांत मोकळेपणी बोलणं झालं आणि शेवटी मुलीच्या आईवडिलांनी मुलाच्या आईवडिलांना, आणि त्यांनी यांना, आपापलं मूल तुमचंही असं मराठीत म्हटलं. भटजींची हरकत नव्हती. सगळ्या भटजींची नसेलच असं नाही, म्हणून आधी विचारायचं.

शेवटी काय झालं तर ग्रामदेवतेला गाऱ्हाणं, घरी देवक, संध्याकाळी घरातल्या बायकांची हळद, दुसऱ्या दिवशी खळ्यात घातलेल्या मांडवात अंतरपाट, होम, सप्तपदी, आणि केळीच्या पानावर एक जेवण, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. दीड दिवस. वडील पहिले काही दिवस गप्प होते हे खरं आहे. कार्डांनी त्यांची नाराजी घालवली नाही, ती आजीने घालवली.

तुझ्या बाबतीत एक कायद्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण "साधं" या शब्दाखाली लोक एक धोक्याचा शॉर्टकट घेतात. हार घालायचे, फोटो काढायचे आणि हिंदू विवाह कायद्याखाली सर्टिफिकेट घेऊन टाकायचं. 1955 च्या त्या कायद्याचं कलम 7 म्हणतं की लग्न दोघांपैकी एकाच्या तरी रीतीच्या विधींनी झालं पाहिजे, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. म्हणजे या कायद्याने जायचं तर छोटे का होईना पण विधी खरेच करा आणि मग नोंदणी करा. आणि विधी नकोच असतील तर सरळ विशेष विवाह कायद्याने जा, तो रस्ता तेवढाच पक्का आहे. हायरोफंटच्या दोन किल्ल्या मी अशा प्रश्नात याच दोन दारांच्या म्हणून वाचते. कुठलंही उघडा, पण एक तरी पूर्ण उघडा. अर्धवट विधी आणि अर्धवट कागद हे या कार्डाला चालत नाही.

हे कार्ड उलटं आलं असतं तर? आजकाल सगळीकडे लिहिलेलं असतं की उलटा हायरोफंट म्हणजे बंड, परंपरा मोडा. वेटने उलट्याचे अर्थ दिलेत ते वेगळेच आहेत, समाज, चांगला समजूतदारपणा, सलोखा, आणि मग अति मऊपणा आणि दुबळेपणा. लग्नाच्या प्रश्नात हे मला बंडापेक्षा कितीतरी खरं वाटतं. उलटा आला की मी विचारते, तू सगळ्यांना हो म्हणत सुटलीयस का, आईला विधीचं हो, नवऱ्याला रजिस्टरचं हो, सासूला हॉलचं हो. तुला सरळ आलाय, तरी हा प्रश्न स्वतःला विचारून बघ.

आणि आता ते राहिलेले दोन शब्द, कैद आणि गुलामी. हायरोफंटच्या आजूबाजूला, वरच्या मांडणीत, विशेषतः तुमच्या बाजूच्या जागी एट ऑफ स्वोर्ड्स आलं, डोळे बांधलेली बाई आणि भोवती तलवारी, किंवा डेव्हिल आला, गळ्यात साखळ्या घातलेले दोघं, तर कुठले विधी हा विषय मी तिथेच थांबवते. मग विचारते की हे लग्न तुला हवंय का. हुंडा मागितलाय का, मानपानाच्या नावाखाली घरच्यांकडून पैसे उकळतायत का, कोणी धमकी देतंय का. विधी की साधं हा प्रश्न कधी कधी मुली पुढे करतात कारण खरा प्रश्न तोंडातून निघत नाही. तुझ्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही, तुम्ही दोघं एकत्र ठरवताय हे "आम्हाला" या शब्दातच आहे, पण मांडणीत ही कार्डं आली तर अर्थ लावत बसू नकोस, विश्वासातल्या माणसाशी बोल. तिथे टॅरोचं काम संपतं.

तुझ्या सरळ हायरोफंटवरून मला जेवढं दिसतंय त्यावरून मी म्हणेन की आधी दोन्ही घरांतल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एकटं गाठून विचार, लग्नातली कुठली एक गोष्ट झाली नाही तर तुम्हाला लग्न झाल्यासारखं वाटणार नाही. एकच गोष्ट सांगायला लाव. बहुतेक वेळा उत्तर देवक, सप्तपदी, कुलदेवतेचं दर्शन असलं काहीतरी येतं, डीजे कधीच येत नाही. तोच प्रश्न तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारा. ही चार उत्तरं कागदावर आली की मग मांडणी कर, आधी नको.

आणि विशेष विवाह कायद्याने जायचं ठरलं तर तारखेकडे लक्ष दे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहतोय तिथे नोटीस द्यावी लागते, तुम्ही पुण्यात राहता तर पुण्यात देता येईल. नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबावं लागतं आणि नोटीसच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर ती बाद होते, परत पहिल्यापासून. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात सही हवी असेल तर मार्चअखेर नोटीस गेलेली बरी. गावच्या घरी गाऱ्हाणं आणि जेवण ठेवायचं असेल तर ते सहीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेव, पुण्याहून कणकवलीला पोचायला एक पूर्ण दिवस मोकळा हवा, आणि मेच्या शेवटाकडे ढकलू नकोस, पाऊस जवळ आला की खळ्यातल्या मांडवाची धाकधूक सुरू होते.